साडी जिथे बसते, तिथली कंबर

कमरपट्ट्याच्या मापावरची ही छोटी पुस्तिका हातात घेणाऱ्याला आधी एक वाक्य सांगायला हवे, कारण पुढची सगळी पाने त्या वाक्याभोवतीच फिरतात. सराफाच्या गादीसमोर ते रोज ऐकू येते: "माह्या कंबरीचं माप अठ्ठावीस हाय, तेवढाच करा." वाक्य खरे असते. टेलरने वहीत लिहिलेला आकडाही खरा असतो. तरी त्या आकड्यावर केलेला पट्टा बहुतेक वेळा बसत नाही. टेलरने मोजलेली कंबर आणि पट्टा ज्या जागी राहणार आहे ती कंबर, या एकाच बाईच्या दोन वेगळ्या जागा आहेत. त्यांच्यात चार बोटांचे अंतर असले तरी घेरात पाच इंचांचा फरक पडू शकतो.

बुलढाणा जिल्ह्यात या विषयाला हात घालायचा तर खामगावापासून सुरुवात करणे भागच आहे. कापसाच्या पेठेने मोठे झालेले हे गाव विदर्भात आणि विदर्भाबाहेरही चांदीच्या शुद्धतेसाठी ओळखले जाते. 'रजतनगरी' हे नाव त्याला लोकांनीच दिले. देवघरातली भांडी, मूर्तींचे मुकुट, जोडवी, तोडे, करदोडे असे सगळे इथे विकत घेतले जाते. कोजागिरीला मोठ्या देवीचा उत्सव बसतो, त्याआधी दसरा येतो आणि मागोमाग दिवाळी, तेव्हा कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आलेली घरे चांदीकडे वळतात. पुढे लग्नसराईत कमरपट्ट्याच्या मागणीला जोर येतो. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी नऊवारी नेसून जाणाऱ्या बायका-मुलींमुळे आता त्या सुमारासही पट्टे, साखळ्या, छल्ले बाहेर निघतात. कपाटातून काढलेला आजीचा पट्टा त्या दिवशी नातीला होत नाही, किंवा होतो तो भलत्याच जागी. तक्रार सोनाराकडे जाते. सोनाराचा दोष त्यात क्वचितच असतो.

कंबर आपण एक रेषा समजतो, तिथेच चूक होते. बरगड्या संपतात तिथून कमरेच्या हाडापर्यंतचा भाग उतरता आहे. वर अरुंद, खाली रुंद. सर्वांत बारीक जागा बेंबीच्या थोडी वर असते आणि ब्लाउज-ड्रेसवाला टेलर तिथेच टेप लावतो. एक उदाहरण मनात धरू या, कारण पुढे तेच वापरायचे आहे. एका तरुणीची सर्वांत बारीक कंबर 28 इंच आहे. बेंबीवर तोच घेर 30 होतो. ती परकराची नाडी बेंबीखाली बांधते, म्हणजे बारीक जागेपासून साधारण 4 इंच खाली, आणि तिथे घेर 33 भरतो. 4 इंच खाली गेल्यावर घेर 5 इंच वाढला. याचा अर्थ, पट्टा 1 इंच खाली बसवायचा असेल तर तो सव्वा इंच लांब हवा. प्रत्येक शरीराचे हे प्रमाण वेगळे असते. कुणाचा उतार सरळ असतो, कुणाचे पोट पुढे असल्याने बेंबीवरच घेर सर्वांत जास्त भरतो आणि खाली उलट कमी होतो. पण जागा बदलली की लांबी बदलते, याला कुणाचीही कंबर अपवाद नाही.

हेच उलट बाजूने पाहिले तर सोनाराला जास्त उपयोगी पडते. पट्टा घालणारीने तो कुठेही लावला तरी थोडी हालचाल झाली की तो आपल्या लांबीला जुळणाऱ्या घेरावर जाऊन थांबतो. आखूड पट्टा वर सरकत बारीक जागी जातो. लांब पट्टा घसरत खाली येतो आणि नितंबांचा उभार लागला की अडकतो. तेव्हा लांबी ठरवली की जागा आपोआप ठरते. उलट, जागा ठरवल्याशिवाय लांबी सांगता येत नाही. आणि साडी नेसणारीच्या बाबतीत जागा ठरवण्याचे काम साडी करते.

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीवरच्या स्त्रीमूर्ती पाहिल्या तर हे दगडातही दिसते. त्यांच्या मेखला कमरेच्या बारीक भागावर नाहीत. त्या नितंबांवर टेकलेल्या आहेत, खाली झुलणाऱ्या माळांसकट. तिथले वस्त्रच तेवढ्या खाली नेसलेले आहे. अजिंठ्याच्या चित्रांतही तसेच. वस्त्र वर चढले तसा दागिना वर आला. नऊवारी लुगडे पोटावर, कमरेच्या बारीक भागाच्या जरा खाली गाठ मारून नेसतात. त्याला परकर नसतो, म्हणून आधार त्या गाठीचा आणि कमरेच्या उताराचा. त्यामुळे नऊवारीवरचा जुना पट्टा लांबीने कमी आणि रुंदीने जास्त असतो. सहावारी आली, तिच्याबरोबर परकराची नाडी आली आणि नाडी ओढून कितीही खाली बांधता येते हे लक्षात आल्यावर साडीही खाली गेली. आजी आणि नात यांच्या पट्ट्यात फरक पडतो तो इथे. नात आजीपेक्षा जाड असतेच असे नाही, तिची साडी मात्र तीन-चार इंच खाली असते.

आता कापडाचा हिशेब. पट्टा अंगावर बसत नाही, साडीवर बसतो, आणि साडी म्हणजे थर. सहावारीत आधी परकराचा नेफा आणि त्यातली नाडी, त्यावर साडीचा पहिला फेरा आत खोवलेला, त्यावर दुसरा फेरा, समोर निऱ्यांचा जुडगा. घेराचे गणित असे की सगळीकडून जेवढी जाडी वाढते तिच्या सव्वासहा पट घेर वाढतो. थरांची सरासरी जाडी अर्धा सेंटीमीटर धरली तर घेरात 3 सेंटीमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे सव्वा इंचाची भर पडते. नऊवारीत गाठ असते, मागे काष्टा खोवलेला असतो, समोर निऱ्यांचा मोठा भरणा असतो. तिथे सरासरी जाडी 8 मिलिमीटरपर्यंत सहज जाते आणि घेर 2 इंचांनी वाढतो. पैठणीसारख्या जाड काठाच्या साडीत काठ नेमका पट्ट्याखाली दुमडला गेला तर आणखी. उलट पातळ जॉर्जेटची साडी जेमतेम अर्धा-पाऊण इंच भर घालते. उघड्या अंगावर टेप लावून त्यात 'एखाद इंच धरून घ्या' असे सांगणारा म्हणूनच कधी बरोबर ठरतो, कधी फसतो.

पट्ट्यालाही स्वतःची जाडी असते, हे तर दुकानातही विसरले जाते. जुना पट्टा नमुन्यादाखल आणला की तो गादीवर आडवा पसरून फुटपट्टी लावतात. बिजागिऱ्यांनी जोडलेला 3 मिलिमीटर जाडीचा पट्टा गोल केला की त्याचा आतला आणि बाहेरचा घेर यांत जवळपास पाऊण इंचाचे अंतर पडते. अंगाला लागतो तो आतला. मागे मखमलीचे अस्तर लावले असेल तर तो आणखी कमी. नमुन्याचा पट्टा बंद करून, आतून दोरा फिरवून मोजावा. दोरा साधा सुती असावा, आणि ताणू नये. लोकरीचा किंवा इलॅस्टिकसारखा धागा ओढून धरला तर सोडल्यावर तो आखडतो आणि पट्टा नेमका तेवढाच आखूड होतो.

तिसरी गोष्ट बसण्याची. उभे असताना आणि मांडी घालून पाटावर बसल्यावर पोटाचा घेर सारखा राहत नाही. बेंबीखालच्या जागी तो इंच-दीड इंचाने वाढतो, जेवल्यावर आणखी थोडा. लग्नात नवरी तासन् तास पाटावर बसते आणि संध्याकाळी स्वागताला तितकाच वेळ उभी असते. उभ्याने घेतलेल्या मापाचा पट्टा पाटावर रुततो. बसून घेतलेल्या मापाचा पट्टा उभे राहिल्यावर ओघळतो. ओढून-सोडून बसवता येणारे आकडे आणि कड्या आल्या त्या या रोजच्या चढउतारासाठी. फॅशन म्हणून त्यांच्याकडे पाहिले की त्यांची जागा आणि लांबी दोन्ही चुकतात.

वरच्या तरुणीचाच पट्टा करायचा आहे. तिला तो नऊवारीवरही हवा आहे आणि सहावारी शालूवरही. नऊवारी ती जिथे बांधते तिथे उघडा घेर 29 इंच आहे. कापडाचे 2 इंच धरून उभ्याने 31, बसून 32. सहावारीच्या नाडीवर 33, कापडासह सव्वाचौतीस आणि बसल्यावर पावणेछत्तीस. म्हणजे एकाच पट्ट्याला 31 पासून 36 पर्यंत जायचे आहे. 5 इंचांचा पल्ला मोठा आहे. तो सगळा एका लोंबत्या साखळीवर टाकला तर नऊवारीच्या वेळी 5 इंचांची शेपटी मागे काष्ट्यावर लोंबते, आणि सहावारीच्या वेळी पाठीमागे तेवढीच उघडी फट राहते. नक्षीचा पट्टा पुढे आणि मागे नुसती साखळी, असे ते दिसते.

म्हणून पल्ला दोन भागांत वाटावा. नक्षीच्या पट्ट्यांचा कायमचा भाग 30 इंच. त्याला जोडून 1-1 इंचाच्या दोन सुट्या पट्ट्या, बिजागिरीचा खिळा ओढला की निघणाऱ्या, मनगटी घड्याळाच्या धातूच्या पट्ट्यातले घर काढतात तशा. टोकाला अर्ध्या इंचाचा आकडा आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्या-अर्ध्या इंचावर आठ कड्यांची 4 इंची साखळी. नऊवारीला दोन्ही सुट्या पट्ट्या काढायच्या: 30 अधिक आकड्याचा अर्धा इंच, पहिल्या कडीत अडकवला की 31, पाटावर बसताना तिसऱ्या कडीत, की 32. सहावारीला सुट्या पट्ट्या परत बसवायच्या: चौथ्या कडीत साडेचौतीस, सातव्या कडीत 36. आठवी कडी राखीव. पट्ट्या साडी बदलताना बदलायच्या आणि कड्या उठता-बसता, अशी कामाची विभागणी झाली.

कड्या अर्ध्या इंचावरच का, याचेही कारण आहे. अर्ध्या इंचाच्या टप्प्यात नेमक्या मापापासून जास्तीत जास्त पाव इंच चुकते. या तरुणीच्या उतारावर पाव इंच लांबीने पट्ट्याची जागा इंचाच्या पाचव्या हिश्शाएवढी हलते. साडीवर ते कुणाला कळतही नाही. त्याहून बारीक कड्या केल्या तर बोटांना सापडत नाहीत आणि तार बारीक असल्याने लवकर झिजतात. इंचाच्या टप्प्याच्या कड्या मात्र टाळाव्यात. त्यांत पट्टा एका कडीत रुततो आणि पुढच्या कडीत ओघळतो.

वजनाचे गणितही यातच येते. आपल्याकडे चांदीचा दागिना अजून भारात बोलतात. जुना भार म्हणजे एका रुपयाच्या नाण्याचे वजन, 11.66 ग्रॅम, आता व्यवहारात तो 10 ग्रॅमचा धरतात. समजा 30 इंचांचा नक्षीचा भाग 24 भारांचा, म्हणजे 240 ग्रॅम झाला, तर इंचाला 8 ग्रॅम पडले. सरळ 36 इंचांचा पट्टा केला असता तर 288 ग्रॅम लागले असते आणि तो नऊवारीवर कधीच बसला नसता. दोन सुट्या पट्ट्यांचे 16 आणि साध्या साखळीचे सुमारे 10 ग्रॅम धरून आपला पट्टा 266 ग्रॅममध्ये होतो. मजुरी मात्र थोडी जास्त, कारण खिळ्याच्या बिजागिऱ्या सफाईने करणे वेळखाऊ काम आहे. ती मजुरी देताना कुरकुर करू नये. खिळा सैल राहिला तर नाचगाण्यात तो कुठे पडला हे सापडत नाही आणि पट्टा मधेच उघडतो.

रुंदीचा विषय इथेच मांडतो, कारण लांबी बरोबर असूनही पट्टा बसत नाही तेव्हा बहुधा रुंदी आडवी येते. 2 इंच रुंदीचा सरळ पट्टा उतारावर लावला की वरच्या आणि खालच्या कडेच्या घेरात, आपल्या तरुणीच्या बाबतीत, अडीच इंचांचा फरक असतो. खालची कड टेकली तर वरची कड सगळीकडून सुमारे 1 सेंटीमीटर उघडी राहते. वरून पाहिले तर पट्ट्यात बोट जाते, आणि बाई वाकली की पट्टा पुढे कलंडतो. ही फट आकडा आवळून जात नाही. आवळला की पट्टा वर चढतो आणि फट तशीच राहते. यावर इलाज घडवतानाच करावा लागतो: प्रत्येक पट्टी वर किंचित अरुंद आणि खाली रुंद कापायची, म्हणजे पसरल्यावर पट्टा सरळ न राहता कमानीसारखा वळतो. नऊवारीच्या जुन्या रुंद पट्ट्यांना हे वळण फारसे लागत नसे, कारण बारीक कमरेजवळ उतार कमी असतो. तोच रुंद पट्टा खाली नेसलेल्या सहावारीवर घालण्याचा हट्ट मी कुणाला करू देत नाही. तिथे एका बोटाच्या रुंदीची साखळी किंवा दोन-तीन सरांची कंबरसाखळी बरी. साखळी उतारावर आपोआप वळते.

आता आकड्याविषयी जरा सविस्तर. आकडा लावायचा कुठे, हा पहिला प्रश्न. पट्ट्याच्या मधोमध पदक असेल तर ते पेचाने किंवा खटक्याने समोर उघडणारे असते आणि कड्या मागे येतात. मागे म्हणजे अगदी पाठीच्या कण्यावर नकोत. टेकून बसले की टोचतात. डाव्या खांद्यावरून पाठीवर सुटणारा पदर डाव्या कुशीमागचा भाग झाकतो, कड्या तिथे ठेवल्या तर दिसतही नाहीत आणि डावा हात वाकवून बोटांना सापडतात. अडचण एकच: तोच पदर त्यांना घासत राहतो. उघड्या तोंडाचा, इंग्रजी एस अक्षरासारखा आकडा असेल तर त्याचे टोक रेशमाचा धागा किंवा जर ओढते. टोक आत वळवले तर साडीच्या फेऱ्यात घुसते, बाहेर वळवले तर पदरात. म्हणून या जागी तोंड मिटणारा, स्प्रिंगच्या खटक्याचा हूक हवा, किंवा एस आकडाच हवा असेल तर त्याचे टोक गोल घोटलेले आणि फट कडीच्या तारेहून जेमतेम मोठी. नवा पट्टा घेताना आकड्यावरून जुन्या रेशमी रुमालाचा तुकडा फिरवून पाहावा. तो अडकला तर पैठणीही अडकणार.

दुसरा प्रश्न धातूचा. खामगावची ख्याती शुद्ध चांदीची आहे, आणि आकड्याच्या बाबतीत नेमकी शुद्धताच आडवी येते. शुद्ध चांदी मऊ असते. 266 ग्रॅमचा पट्टा आणि बसता-उठता पडणारा ताण हे सगळे एका वाकवलेल्या तारेवर येते. तार मऊ असली की आकडा हळूहळू सरळ होत जातो. पट्टा कितीही उंची चांदीचा असो, आकडा आणि कड्या 925 च्या, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी तांबे, अशा कराव्यात. तार ओढून, ठोकून कडक केलेली असावी. झाळताना ती पुन्हा तापली की मऊ पडते. त्यामुळे आकड्याला आकार देण्यापूर्वी झाळकाम उरकावे आणि नंतर तो घोटून कडक करावा. खटक्याच्या हुकातली स्प्रिंग पोलादाची असते. तिच्याजवळ झाळ लावला की तिचा पीळ मरतो आणि खटका बंद होतो खरा, पण धरत नाही. दुरुस्तीनंतर सैल झालेल्या हुकांपैकी बरेच असे भाजलेले निघतात. स्वस्तातल्या तयार पट्ट्यांचे हूक निकेल चढवलेल्या पितळेचे असतात. काहींना निकेलने अंगावर खाज येते. घाम सुटतो तिथे, पाठीमागे, हूक उघड्या अंगाला लागत असेल तर ते लगेच कळते.

आकडा सैल होऊ लागला हे तो तुटण्याआधी ओळखता येते. बंद आकड्याच्या तोंडातून जाड कागदाची घडी आरपार गेली की त्याला घोटायला न्यावे. कडीच्या आतल्या बाजूला, जिथे आकडा घासतो तिथे, चकचकीत खाच दिसते. खाच तारेच्या निम्म्या जाडीपर्यंत पोचली तर कडी बदलावी. ज्या कडीत पट्टा नेहमी अडकतो तीच झिजते. शेजारच्या कड्या कोऱ्या आणि एकच घासलेली असेल तर या बाईचे खरे माप तेच आहे, हेही सोनाराला त्यावरून वाचता येते.

अंगावर घातलेल्या पट्ट्यालाही असेच वाचता येते. नेसून, पट्टा लावून, मांडी घालून बसावे, उठावे, आणि अंगणात एक चक्कर मारावी. पट्ट्याची वरची कड सगळीकडे साडीच्या वरच्या काठापासून सारख्या अंतरावर असेल तर माप जुळले. समोर तो काठाच्या वर चढून पोटावर आला आणि खाली निऱ्या फुगल्या, तर आखूड आहे. समोर पदक खाली झुकून पट्ट्याला कोन आला, तर लांब. नुसता फिरला, पदक कुशीला गेले, तर लांबीचा दोष नसून साडी निसरडी आहे. गुळगुळीत सिंथेटिक साडीवर असे होते. तिथे आवळण्याऐवजी पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक छोटी कडी झाळून ती पिनेने परकराच्या नेफ्याला अडकवावी. छल्ला याच तत्त्वावर चालतो. त्याचा आकडा साडीत खोवला जातो, घेराशी त्याचे देणेघेणे नसते, आणि म्हणूनच सासूचा छल्ला सुनेला कुठलेही माप न घेता चालतो.

पट्टा आवळून साडी धरून ठेवायची, ही सवय मात्र मोडायला हवी. साडी गाठीने किंवा नाडीने धरलेली असते. पट्टा तिच्यावर बसतो. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेवर जखम झाली, ती भरली नाही आणि पुढे तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. एकीची नाडी परकराची होती. दुसरी परकराशिवाय लुगडे नेसणारी होती. कमरपट्ट्याचा त्यांत संबंध नव्हता, आणि सणासुदीला चार तास घातलेल्या पट्ट्याने असे काही होते असेही कुणी म्हणत नाही. पण नाडीच्या रेषेवर आधीच काळसर वण किंवा खवले असलेल्या बाईचा पट्टा नेमका त्याच रेषेवर आवळून बसवू नये. तिचे माप नाडीच्या दोन बोटे खाली घ्यावे, आणि वण भरत नसेल तर तिला आधी डॉक्टरकडे पाठवावे. सोनाराने हे सांगायला संकोच करण्याचे कारण नाही. माप घेताना टेप त्याच जागेवरून फिरतो.

बाळंतपणाआधीच्या महिन्यांत कुठल्याच कड्या पुरत नाहीत. ओटीभरणाला हौसेने पट्टा घालायचाच असेल तर दोन्ही टोके रेशमी गोंड्याने सैल बांधून तो पोटाखाली टेकवतात, आणि त्यासाठी टोकांना मोठ्या, बोट जाईल एवढ्या कड्या लागतात. नवा पट्टा करतानाच त्या ठेवल्या तर पुढे झाळकाम लागत नाही. लहान मुलांच्या करदोड्यात ही सोय पूर्वापार आहे: टोकाला चार-सहा कड्या सोडून दिलेल्या असतात आणि मूल वाढेल तशी एकेक कडी पुढे जाते. मोठ्यांच्या पट्ट्यात मात्र तोच विचार अलीकडेच रुळला. देवीच्या मूर्तीचा पट्टा करणाऱ्यांनाही कड्या ठेवाव्या लागतात. मूर्ती ना जेवते ना बसते, पण रोजची सुती साडी आणि उत्सवातले जरीचे लुगडे यांच्या थरांत फरक पडतोच.

शिवलेल्या नऊवारीने एक काम सोपे केले आहे. तिची कंबर टेलरने ठरवून शिवलेली असते, गाठ नसते, त्यामुळे जागा दरवेळी तीच राहते आणि पट्ट्याला दोन इंचांचा पल्ला पुरतो. लावणी नाचणाऱ्या मुलींना त्याहून कमी पल्ला आणि घट्ट बसणारा पट्टा लागतो. त्यांचे माप उभ्याने, श्वास भरून घ्यावे, कारण नाचताना छाती-पोट सतत हलते. कापडी साडी-बेल्टमागे इलॅस्टिक असते. ते ताणते म्हणून माप लागत नाही असा समज आहे. इलॅस्टिक ताणलेले असेल तर बेल्ट सतत वर, बारीक जागेकडे ओढला जातो. ते न ताणता, नुसते ताठ राहील असाच बेल्ट निवडावा.

पुढच्या पानांवर माप घेण्याच्या आकृत्या आणि कोष्टके दिली आहेत. ती वापरताना पावतीवर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणती साडी नेसून माप घेतले, पट्टा बेंबीपासून किती बोटे वर किंवा खाली बसायचा, उभ्याचा आकडा, बसल्याचा आकडा, आणि पट्ट्याची आतली लांबी पहिल्या आणि शेवटच्या कडीत. फोनवर किंवा नातेवाइकाबरोबर माप पाठवायचे असेल तर पहिल्या दोन गोष्टींशिवाय उरलेल्या तीन पाठवू नयेत. वजन करताना खटक्याचा हूक चांदीचा नसेल तर तो काढून पट्टा तोलावा किंवा त्याचे वजन वजा करून लिहावे. चांदीच्या दागिन्यावर हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून त्याबरोबर प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांकही मिळू लागला आहे. सुट्या पट्ट्यांचा पट्टा घेताना तो शिक्का कायमच्या भागावर मारून घ्यावा, काढून डब्यात ठेवायच्या पट्टीवर नव्हे.